स्प्लिट स्क्रीनमध्ये नोट्स पुन्हा पहिल्या पानावर का जातात : मेमरी आणि स्क्रीनची रुंदी यांतले कारण शोधणे

ऑनलाइन व्याख्यान एका अर्ध्या भागात आणि नोट्सचे ॲप दुसऱ्या अर्ध्या भागात उघडून लिहीत असताना अनेक विद्यार्थ्यांना एकच त्रास पुन्हा पुन्हा होतो. व्याख्यान व्यवस्थित चालू असते, पण नोट्सचे ॲप अचानक नव्याने उघडते, लिहीत असलेले पान सोडून पहिल्या पानावर किंवा वह्यांच्या यादीवर जाते, आणि शेवटच्या काही ओळी गेलेल्या असतात. टॅब्लेट बंद करून पुन्हा सुरू केला की त्या दिवसापुरता त्रास थांबतो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. हा लेख अँड्रॉइड टॅब्लेटवर होणाऱ्या या एकाच त्रासाबद्दल आहे, कारण तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी शोधला जातो : कोणी इंटरनेट बदलतो, कोणी ॲप बदलतो, आणि मूळ कारण तसेच राहते.

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या त्रासामागे दोन वेगळी कारणे असू शकतात. पहिले म्हणजे मेमरी कमी पडल्यामुळे अँड्रॉइड नोट्सचे ॲप पूर्णपणे बंद करते आणि आपण त्याकडे परतलो की ते नव्याने सुरू होते. दुसरे म्हणजे ॲपच्या चौकटीची रुंदी किंवा उंची बदलल्यामुळे ॲप आपली मांडणी नव्याने रचते आणि रचताना आपण कुठे होतो हे विसरते. पहिल्याचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून आधी निदान करावे आणि मगच सेटिंगला हात लावावा.

आधी लक्षण नीट पाहावे

नोट्स पहिल्या पानावर जातात त्या क्षणी ॲपचे बोधचिन्ह असलेला सुरुवातीचा पडदा दिसतो का, हे पाहावे. तो दिसला, तर ॲप खरोखर बंद झाले होते आणि आता शून्यातून सुरू होत आहे. हे मेमरीचे लक्षण आहे. बोधचिन्ह न दिसता चौकट क्षणभर चमकली, बाजूची पट्टी नाहीशी झाली किंवा बटणांच्या जागा बदलल्या आणि पान हरवले, तर ॲप चालूच होते आणि फक्त त्याची मांडणी बदलली. हे रुंदीचे लक्षण आहे. नोट्स जागच्या जागी आहेत पण व्हिडिओ धूसर होतो, थांबतो किंवा पुन्हा जोडत असल्याचा संदेश येतो, तर दोष बहुधा नेटवर्कचा आहे आणि तो या लेखाचा विषय नाही.

आणखी एक प्रकार जुन्या उपकरणांवर दिसतो. स्प्लिट स्क्रीन अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून उपलब्ध आहे, पण अँड्रॉइड ९ पर्यंत दोन चौकटींपैकी ज्या चौकटीला शेवटचा स्पर्श झाला तीच पूर्णपणे सक्रिय मानली जात असे आणि दुसरी थांबलेल्या अवस्थेत जात असे. त्यामुळे नोट्सवर बोट ठेवले की काही ॲपमधला व्हिडिओ थांबायचा. अँड्रॉइड १० पासून दोन्ही चौकटी एकाच वेळी सक्रिय राहतात. तुमच्या टॅब्लेटवर लिहायला लागताच व्हिडिओ थांबत असेल आणि आवृत्ती ९ किंवा त्याआधीची असेल, तर मेमरी शोधण्यात वेळ घालवू नये.

लक्षण पाहूनही खात्री होत नसेल, तर एक साधी चाचणी करता येते. व्याख्यान नसताना नोट्सचे ॲप आणि घड्याळासारखे एखादे हलके ॲप शेजारी उघडावे, नोट्समध्ये मधले एखादे पान काढावे आणि दोन चौकटींमधला दुभाजक डावीकडे-उजवीकडे सरकवावा. नंतर टॅब्लेट उभा-आडवा फिरवून पाहावा. येथे मेमरीवर काहीही भार नाही. तरीही पान हरवले, तर दोष मांडणी बदलण्यात आहे. पान टिकले, तर मेमरीकडे वळावे.

व्याख्यान टिकते आणि नोट्सच का जातात

हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि त्याच्या उत्तरातच अर्धे निदान आहे. मेमरी भरत आली की अँड्रॉइड चालू ॲपपैकी सर्वांत कमी गरजेचे ॲप निवडून बंद करते. जे ॲप स्क्रीनवर दिसत आहे ते सर्वांत शेवटी बंद होते. जे मागे गेले आहे पण आवाज किंवा मायक्रोफोन वापरत असल्याची सूचना वरच्या पट्टीत दाखवत आहे, ते त्याच्या आधी. आणि जे मागे जाऊन नुसतेच पडून आहे ते सर्वांत आधी. व्याख्यानाचे ॲप आवाज चालू असताना मधल्या गटात राहते. नोट्सचे ॲप मागे जाताच सर्वांत आधी बंद होणाऱ्या गटात जाते, कारण व्यवस्थेच्या दृष्टीने ते काहीच करत नसते.

याचा अर्थ असा की दोन्ही चौकटी स्क्रीनवर दिसत असेपर्यंत नोट्सचे ॲप सहसा बंद होत नाही. ते बंद होते ते तिसरे ॲप उघडल्यावर. कच्च्या कागदावर सोडवलेल्या गणिताचा फोटो काढायला कॅमेरा उघडला, पाठ्यपुस्तकाची पीडीएफ पाहिली किंवा आलेला संदेश वाचला, की दोन्ही चौकटी एकदम मागे जातात. कॅमेरा हे मेमरीच्या दृष्टीने फार जड ॲप आहे आणि उघडताच ते मोठी जागा मागते. तेवढ्या अर्ध्या मिनिटात नोट्सचे ॲप बंद होते, आणि विद्यार्थी परत आल्यावर त्याला वाटते की स्प्लिट स्क्रीनमुळे बिघाड झाला. माझ्या मते या तक्रारीतला खरा दोषी बहुतेक वेळा स्प्लिट स्क्रीन नसून हे तिसरे ॲपच असते.

मेमरी नेमकी कशात जाते

४ जीबी रॅमचा टॅब्लेट घेऊ. त्यातली साधारण निम्मी मेमरी अँड्रॉइड आणि त्याच्या कायम चालणाऱ्या सेवांकडे गेलेली असते. उरलेल्या भागात व्याख्यानाचे ॲप काही शे एमबी घेते, आणि हा आकडा व्याख्यान कसे पाहिले जाते यावर बराच अवलंबून असतो. सर्व सहभागींचे चेहरे चौकटींमध्ये दिसत असतील, तर तेवढे सगळे व्हिडिओ एकाच वेळी उलगडावे लागतात. फक्त बोलणाऱ्याचा किंवा दाखवलेल्या स्लाइडचाच व्हिडिओ ठेवला, स्वतःचा कॅमेरा बंद केला आणि कृत्रिम पार्श्वभूमी काढून टाकली, तर मेमरी आणि प्रोसेसर या दोहोंवरचा भार लगेच कमी होतो. हा बदल सर्वांत स्वस्त आहे आणि तो सर्वांत आधी करावा.

नोट्सच्या बाबतीत मात्र एक गैरसमज रूढ आहे. फाइल दोन एमबीची आहे, म्हणजे तिला मेमरीही तेवढीच लागेल, असे विद्यार्थ्यांना वाटते. फाइल साठवताना चित्र दाबून ठेवलेले असते. स्क्रीनवर दाखवताना ते उलगडून प्रत्येक बिंदूसाठी सामान्यतः ४ बाइट राखावे लागतात. ३०० डीपीआयने स्कॅन केलेले ए-४ पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८ बिंदू, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू आणि जवळपास ३५ एमबी मेमरी. १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याने काढलेला एक फोटो पूर्ण आकारात उलगडला तर सुमारे ४८ एमबी घेतो, मग त्याची फाइल ३ एमबीची का असेना. याच्या तुलनेत १९२० गुणिले १२०० बिंदूंच्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट पूर्ण उलगडला तरी सुमारे ९ एमबीच घेतो. चांगली ॲप फोटो लहान करून वापरतात, पण सगळीच तसे करत नाहीत. आणि ज्या वहीत दर पानावर कॅमेऱ्याचा फोटो चिकटवलेला आहे, ती वही भरभर पाने उलटताना अडखळते हे सहज दिसून येते.

म्हणून स्लाइडची प्रत हवी असेल तेव्हा दुसऱ्या उपकरणाने स्क्रीनचा फोटो काढण्याऐवजी स्क्रीनशॉट घ्यावा, आणि कागदाचे फोटो नोट्समध्ये टाकण्यापूर्वी लहान आकारात जतन करावेत. संपूर्ण सत्राची एकच शेकडो पानांची वही ठेवण्यापेक्षा घटकानुसार वेगळी वही ठेवणेही हिताचे आहे, कारण काही ॲप वही उघडताना तिच्यातल्या बऱ्याच पानांची छोटी चित्रे एकदम तयार करतात.

रुंदीचा प्रश्न : अर्धा भाग म्हणजे नेमका किती

स्क्रीनचा आकार इंचांत सांगितला जातो, पण ॲपला इंच कळत नाहीत. अँड्रॉइड ॲपची मांडणी डीपी या एककात ठरते, आणि एक डीपी किती बिंदूंचा हे स्क्रीनची घनता आणि सेटिंग यांवर अवलंबून असते. आपल्या टॅब्लेटचा आकडा पाहायचा असेल, तर सेटिंगमध्ये टॅब्लेटच्या माहितीच्या पानावर `Build number` वर सात वेळा स्पर्श करून डेव्हलपर पर्याय उघडावेत आणि तिथे `Smallest width` पाहावे. तो आकडा म्हणजे स्क्रीनच्या आखूड बाजूची डीपीमधली लांबी. तो फक्त वाचावा. बदलण्याची गरज नाही.

१०.१ इंचाच्या, १९२० गुणिले १२०० बिंदूंच्या एखाद्या टॅब्लेटवर हा आकडा ८०० असेल असे समजू. मग लांब बाजू १२८० डीपी होते, आणि आडव्या टॅब्लेटवर अर्धी चौकट सुमारे ६४० डीपी रुंद होते. ६०० ही येथली महत्त्वाची सीमा आहे. तिच्या वर बरीच ॲप टॅब्लेटची मांडणी दाखवतात आणि तिच्या खाली फोनची. चौकट ६४० वर असेल तर दुभाजक थोडासा सरकताच ती सीमेच्या खाली जाते, ॲप फोनची मांडणी रचायला घेते आणि ज्या ॲपने ही उलथापालथ नीट हाताळलेली नाही ते आपले पान हरवते.

येथे एक सेटिंग नकळत घात करते. अक्षरे आणि चिन्हे मोठी दिसावीत म्हणून `Display size` वाढवले, की बिंदू तेवढेच राहतात पण डीपी कमी होतात. वरच्या टॅब्लेटवर एक-दोन पायऱ्यांनी वाढवल्यावर `Smallest width` सुमारे ६८५ झाले, तर लांब बाजू १०९६ डीपी आणि अर्धी चौकट ५४८ डीपी होते. म्हणजे अर्ध्या-अर्ध्या विभागणीत नोट्सचे ॲप कायम फोनच्या मांडणीत अडकते आणि पूर्ण स्क्रीनवर गेले की टॅब्लेटच्या मांडणीत उडी मारते. अशा वेळी `Display size` मूळ स्थितीवर आणावे आणि वाचण्यासाठी फक्त `Font size` वाढवावे. त्याने डीपी बदलत नाहीत. याशिवाय स्क्रीन आपोआप फिरणे बंद ठेवावे आणि व्याख्यान सुरू होण्यापूर्वी दुभाजक एकदाच जागेवर लावून ठेवावा. ८ इंचाच्या टॅब्लेटवर १२८० गुणिले ८०० बिंदू आणि सुमारे ६०० डीपी आखूड बाजू असेल, तर अर्धी चौकट ४८० डीपीच्या आसपास राहते. तिथे टॅब्लेटची मांडणी मिळणारच नाही हे आधीच धरून चालावे.

वाचता येण्याची मर्यादा

ॲप टिकले तरी स्लाइड वाचता आली पाहिजे. येथे गणित अगदी सरळ आहे. स्लाइड तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रुंद स्लाइड बहुधा १३.३३ इंच, म्हणजे जवळजवळ ३४ सेंटिमीटर रुंद धरलेली असते. १०.१ इंचाचा १६:१० प्रमाणाचा टॅब्लेट आडवा धरला तर त्याची रुंदी सुमारे २१.७ सेंटिमीटर भरते आणि अर्ध्या चौकटीला १०.९ सेंटिमीटर मिळतात. शिक्षकांनी १८ पॉइंटमध्ये लिहिलेला मजकूर तिथे सहा पॉइंटपेक्षाही थोडा लहान दिसतो. छापील पुस्तकाचा मजकूर साधारण दहा-अकरा पॉइंटचा असतो हे लक्षात घेतले, की तासाभराने डोळे का दुखतात ते समजते.

तोच टॅब्लेट उभा धरला आणि व्याख्यान वर, नोट्स खाली अशी विभागणी केली, तर व्हिडिओला पूर्ण १३.६ सेंटिमीटर रुंदी मिळते आणि तोच मजकूर सात पॉइंटच्या पुढे जातो. व्हिडिओ आडवा असतो, त्याला उंची फार लागत नाही. म्हणून उभ्या विभागणीत जागा कमी वाया जाते. खाली उरलेली १३.६ गुणिले १०.९ सेंटिमीटरची चौकट स्टायलसने लिहिण्यासाठी पुरेशी आहे. हाताने लिहिणाऱ्यांनी टॅब्लेट उभाच वापरावा असे मी आग्रहाने सांगेन.

टाइप करणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. उभ्या विभागणीत स्क्रीनवरचा कीबोर्ड खालच्या चौकटीचा मोठा भाग घेतो आणि लिहिलेल्या दोन-चार ओळीच दिसतात. आडव्या विभागणीत कीबोर्ड दोन्ही चौकटींच्या तळाशी पसरतो आणि व्हिडिओचा खालचा भाग झाकतो. ज्या कीबोर्डमध्ये तरंगता छोटा कीबोर्ड करण्याची सोय आहे तिथे ती वापरावी. पण रोज टाइप करायचे असेल तर ब्लूटूथ कीबोर्ड जोडणे हाच टिकाऊ उपाय आहे. टॅब्लेट आडवा ठेवून दुभाजक व्याख्यानाला दोन-तृतीयांश मिळेल असा सरकवला, तर स्लाइड उभ्या विभागणीपेक्षाही थोडी मोठी दिसते आणि एक-तृतीयांश चौकटीत टाइप केलेला मजकूर आरामात बसतो. ती चौकट सुमारे ४२७ डीपीची, म्हणजे फोनएवढी असते; नोट्सचे ॲप तिथे सुरुवातीपासून फोनच्या मांडणीत राहते आणि मध्येच उडी मारत नाही.

एक प्रकरण टप्प्याटप्प्याने

समजा, वर सांगितलेलाच १०.१ इंची, ४ जीबीचा टॅब्लेट आहे, अँड्रॉइड १३ आहे आणि रसायनशास्त्राच्या व्याख्यानात नोट्स तासाभरात अनेकदा पहिल्या पानावर जातात. परतताना ॲपचे बोधचिन्ह दिसते. घड्याळाच्या ॲपसोबतच्या चाचणीत पान टिकते. म्हणजे रुंदीचा दोष बाजूला पडला.

पुढच्या व्याख्यानात पहिला अर्धा तास तिसरे काहीही उघडायचे नाही, असे ठरवावे. या अर्ध्या तासात नोट्स एकदाही गेल्या नाहीत आणि त्यानंतर कॅमेरा उघडून परत येताच बोधचिन्ह दिसले, तर निदान पक्के झाले. आता डेव्हलपर पर्यायांमध्ये दोन गोष्टी तपासाव्यात. `Don't keep activities` बंद असायला हवे. ते चालू असेल तर मेमरी रिकामी असतानाही दृष्टिआड झालेला प्रत्येक पडदा नष्ट होतो आणि आपण विनाकारण रॅमला दोष देत बसतो. `Background process limit` नेहमीच्या मर्यादेवर असावे. त्यानंतर नोट्सच्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये `Unrestricted` निवडावे. काही कंपन्यांच्या टॅब्लेटवर अलीकडील ॲपच्या यादीत ॲपला कुलूप लावता येते, तेही लावावे. मात्र हे उपाय बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली होणारी बंदी टाळतात. मेमरी खरोखर संपली तर कुलूप लावलेले ॲपही बंद होऊ शकते.

मग भार कमी करावा. व्याख्यानात फक्त बोलणाऱ्याचे दृश्य, स्वतःचा कॅमेरा बंद, नोट्सची वही त्या घटकापुरतीच आणि पाठ्यपुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ व्याख्यानाच्या वेळी बंद. कागदाचे फोटो फोनवर काढावेत आणि व्याख्यान संपल्यावर नोट्समध्ये टाकावेत. एवढ्यावर हा त्रास बहुतांश थांबायला हवा. थांबला नाही, तर कॅमेऱ्याऐवजी एखादे हलके ॲप, जसे कॅल्क्युलेटर, उघडून परत यावे. त्यानेही नोट्स बंद होत असतील, तर टॅब्लेटवर कायम चालणारे काहीतरी मेमरी खात आहे. डेव्हलपर पर्यायांतल्या `Memory` या पानावर ॲपनिहाय वापर पाहून ते शोधता येते.

ॲप बंद झाले तरी लिहिलेले जाऊ नये, याची सोय वेगळी करावी लागते. ॲपमध्ये आपोआप जतन करण्याचा कालावधी असेल तर तो सर्वांत कमी ठेवावा. ॲप हे किती नीट करते याची परीक्षा `Don't keep activities` मुद्दाम चालू करून घेता येते : दोन ओळी लिहाव्यात, मुख्य पडद्यावर जावे आणि परत यावे. ओळी आणि पान दोन्ही टिकले तर ते ॲप विश्वासार्ह आहे. ओळी टिकल्या पण पान हरवले तर चालवून घेता येते. ओळीच गेल्या, तर तेवढ्या कारणासाठी ॲप बदलावे. परीक्षा झाली की तो पर्याय बंद करायला विसरू नये.

आभासी रॅम आणि खऱ्या मर्यादा

बऱ्याच टॅब्लेटवर साठवणुकीतला काही भाग रॅम म्हणून वापरण्याचा पर्याय असतो. मागे गेलेले ॲप पूर्ण बंद न होता टिकून राहण्यास त्याची थोडी मदत होते, म्हणून वरच्या प्रकरणात तो चालू ठेवायला हरकत नाही. पण साठवणुकीचा वेग खऱ्या रॅमपेक्षा फार कमी असतो. स्क्रीनवर दिसणाऱ्या दोन्ही चौकटींनाच मेमरी अपुरी पडत असेल, तर आभासी रॅमने लिहिताना रेघ मागे पडणे आणि आवाज तुटणे असे नवे त्रास सुरू होऊ शकतात. तसे झाले तर पर्याय बंद करून टॅब्लेट पुन्हा सुरू करावा आणि फरक पाहावा.

३ जीबी किंवा त्याहून कमी रॅमवर व्हिडिओ आणि फोटोंनी भरलेली वही शेजारी-शेजारी चालवण्याचा अट्टहास करू नये. तिथे व्याख्यान टॅब्लेटवर आणि नोट्स कागदावर हीच विभागणी योग्य आहे. ४ जीबीवर वरची पथ्ये पाळली तर दोन ॲप चालतात, तिसऱ्याला जागा नसते. नवा टॅब्लेट घ्यायचाच असेल तर व्याख्यान, नोट्स आणि मध्येच उघडावी लागणारी पीडीएफ या तिघांसाठी ६ जीबी ही मी किमान मर्यादा धरेन, आणि स्कॅन केलेली जाड पुस्तके रोज वापरणाऱ्यांना ८ जीबी सुचवेन. आभासी रॅमसह जाहिरात केलेला आकडा यात मोजू नये. टॅब्लेटच्या माहितीच्या पानावर खरी रॅम वेगळी लिहिलेली असते, तीच पाहावी.